सुगंधातील ऊब : दालचिनी, लवंग, मिरे आणि वेलदोडा



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते या शाळेत रसायनशास्त्र शिकवीत असत आणि मी आयुष्यभर मराठी शिकवली. त्यामुळे आजचा विषय ऐकून आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. मराठीच्या प्राध्यापकाने अत्तरातील मसाल्यांविषयी बोलावे, हे अधिकारक्षेत्राचे उल्लंघनच नव्हे काय? माझा बचाव असा की, या विषयाकडे मी जुन्या मराठीच्याच वाटेने आलो. गंधशास्त्रावर ‘गंधवाद’ नावाचा एक संस्कृत ग्रंथ आहे आणि त्यावर जुनी मराठी टीका आहे. परशुराम कृष्ण गोडे यांनी १९४५ साली तिची चिकित्सा केली आणि तिचा काळ अंदाजे १३५० ते १५५० यांच्या दरम्यान ठरवला. पुढे १९८९ साली गंगाधराच्या ‘गंधसारा’बरोबर हा ग्रंथ बडोद्याच्या प्राच्यविद्यामंदिराने प्रसिद्ध केला. पाच-सहा शतकांपूर्वी कोणी एक मराठी माणूस सुगंध कसे करावेत, हे आपल्या भाषेत समजावून सांगत होता, ही गोष्ट मला स्वस्थ बसू देईना. तेव्हापासून हा छंद जडला.

आज मी मांडणार आहे तो प्रश्न एकच आहे. सुगंधाच्या व्यवहारात दालचिनी, लवंग, मिरे आणि वेलदोडा या चौघांना ‘उबदार’ गंध म्हणण्याची रीत आहे. अत्तरवाला म्हणतो, परदेशी सुगंधांच्या वर्णनांत लिहिलेले असते आणि आपणही थंडीच्या दिवसांत मसाल्याच्या चहाचा वास आला की तसेच म्हणतो. पण गंधाला तापमान नसते. मग ही ऊब येते कोठून? ती मसाल्यात असते, नाकात असते, आठवणीत असते, की आणखी कोठे?

प्रथम या चौघांना वेगवेगळे करून पाहू. एकाच डब्यात राहतात म्हणून ते एका स्वभावाचे आहेत, असे आपण गृहीत धरतो. तसे ते मुळीच नाहीत.

मिऱ्यापासून आरंभ करू. मिऱ्याचा तिखटपणा पायपरीन नावाच्या द्रव्यात असतो, आणि हे द्रव्य वाफेबरोबर उडत नाही. सुगंधासाठी मिऱ्याचे तेल काढतात, ते वाफेने ऊर्ध्वपातन करून. त्या क्रियेत तिखटपणा सगळा भांड्याच्या तळाशी, चोथ्यात राहतो. कुपीत उतरते ते तेल जिभेला मिऱ्यासारखे पोळत नाही. त्याचा वास कोरडा, लाकडासारखा, किंचित लिंबाच्या सालीच्या आणि राळेच्या अंगाने जाणारा असतो. म्हणजे ज्या गुणासाठी आपण मिऱ्याला उष्ण म्हणतो, तो गुण सुगंधात येतच नाही. मिऱ्याची पूड हुंगली की शिंका येतात, कारण पुडीचे कण पायपरीनसह नाकात जातात. तेल हुंगले तर तसे होत नाही. हा फरक घरी कोणालाही पडताळून पाहता येईल.

वेलदोड्याची गोष्ट तर उलटीच आहे. त्याच्या तेलाचे दोन मुख्य घटक आहेत. त्यांपैकी एक सिनिओल, म्हणजे निलगिरीच्या तेलातील मुख्य द्रव्य. दुसरा टर्पिनिल ॲसिटेट, जो गोडसर आणि फुलाफळांच्या जवळचा आहे. वेलदोड्याचे दाणे फोडून लगेच खोल श्वास घेतला, तर नाकाच्या वरच्या अंगाला जो गारवा जाणवतो तो सिनिओलचा.

दालचिनीच्या सालीच्या तेलात निम्म्याहून अधिक भाग सिनामाल्डिहाइडचा असतो. हे द्रव्य गोड लागते आणि पोळतेही. लवंगेच्या तेलाचा बहुतांश भाग युजेनॉलचा. ते आधी चुरचुरते आणि मग बधिर करते. दाढ दुखली की आपण लवंग धरतो, ती याच कारणाने.

आपल्या जुन्या वैद्यांनी हा भेद जाणला होता. सोळाव्या शतकातील भावप्रकाशात मिरे आणि दालचिनी उष्ण सांगितली आहेत. लवंग आणि लहान वेलदोडा मात्र शीत! आजच्या सुगंधव्यवहाराने ज्या चौघांना एका पंगतीत बसवले, त्यांपैकी दोघांना वैद्यकाने पलीकडच्या पंगतीत बसवले होते. वैद्यकातील शीत-उष्ण हे शरीरावरील परिणामाविषयी आहे आणि सुगंधातील उबेचा विचार नाकाशी संबंधित आहे, हे मी विसरलेलो नाही. तरीही ‘मसाला म्हणजे उष्ण’ हे समीकरण इतके सरळ नाही, एवढे यावरून निश्चित दिसते.

नाकाचा विचार करताना एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. नाकात दोन वेगळ्या यंत्रणा काम करतात. एक वास ओळखते. दुसरी चेहऱ्याच्या संवेदना वाहून नेणाऱ्या मज्जातंतूची. ती थंड, गरम, झोंबणे, टोचणे एवढेच सांगते. पुदिना गार का वाटतो आणि मिरची गरम का वाटते, याचे उत्तर या दुसऱ्या यंत्रणेत आहे. तापमान ओळखणाऱ्या तंतूंवरच ही द्रव्ये जाऊन बसतात आणि प्रत्यक्षात तापमान बदललेले नसताना तसा निरोप मेंदूकडे पाठवतात. मिरचीतील तिखट द्रव्याचा असा ग्राहक डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने १९९७ साली शोधला आणि २०२१ साली त्यांना आर्डेम पटापूटियन यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले. सिनिओल हे पुदिन्याच्या गारव्याच्याच ग्राहकाला स्पर्श करते. सिनामाल्डिहाइड मोहरीप्रमाणे झोंबणाऱ्या ग्राहकाला जागे करते. युजेनॉलचा परिणाम कोमट ऊब ओळखणाऱ्या एका ग्राहकावर होतो, असे २००६ साली दाखवण्यात आले.

हे मी पुस्तकात वाचले होते, पण त्याची प्रचीती वेगळ्या रीतीने आली. २०२१ सालच्या मे महिन्यात मला साथीचा ताप आला आणि तो उतरल्यावर लक्षात आले की, वास संपूर्ण गेला आहे. घरात फोडणी पडल्याचे मला केवळ आवाजावरून कळे. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला ही हानी किरकोळ वाटावी, असे काहींचे मत पडले. पण सकाळचा चहा, देवघर, नातवाचे डोके, कपाटातील जुनी पुस्तके ही सगळी एकाच रंगाची झाली, की घर आपलेच असूनही परके वाटते. डॉक्टरांनी गंधाभ्यास सांगितला. जर्मनीत ड्रेस्डेन येथे थॉमस हुमेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली प्रसिद्ध केलेली ही पद्धत आहे. चार वास, दिवसातून दोनदा, बारा आठवडे हुंगायचे. ते चार म्हणजे गुलाब, निलगिरी, लिंबू आणि लवंग.

पहिल्या काही आठवड्यांत गुलाब आणि लिंबू यांच्या कुप्या मला पाण्यासारख्या होत्या. निलगिरीचा वास येत नव्हता, परंतु गारवा स्पष्ट कळत होता. लवंगेचाही वास येत नव्हता. तरीही डोळे मिटून कुप्या अदलाबदल केल्या, तर लवंगेची कुपी मला ओळखता येई. नाकपुडीच्या आत एक अतिशय मंद, किंचित कोमट, चुरचुरता स्पर्श होत असे. मग कुतूहलाने इतर तीन मसाल्यांची तेलेही मागवली. वेलदोडा गार लागला. दालचिनी टोचली. मिऱ्याच्या तेलाने काहीच कळवले नाही. वास पूर्ण वजा झाल्यावर चौघांचे जे उरले, ते असे होते. एकच कोमट, एक गार, एक बोचरा आणि एक मुका.

पुढे सात-आठ महिन्यांनी वास बराचसा परतला आणि मिऱ्याचे तेल पुन्हा ‘उबदार’ वाटू लागले! मज्जातंतू ज्याविषयी गप्प होता, त्याला नाक आता ऊब म्हणत होते. तेव्हा माझी खात्री झाली की, सुगंधातील उबेचा लहानसा अंश स्पर्शाचा असतो. एक अंश सवयीचा असतो, कारण हे मसाले आपल्याला नेहमी गरम अन्नातच भेटतात. आणि सर्वांत मोठा अंश हा मसाला कोणाच्या शेजारी आणि किती प्रमाणात ठेवला आहे, याचा असतो. या तिसऱ्या अंशाविषयी आता सविस्तर बोलतो.

त्यासाठी आपल्याला फार दूर जावे लागणार नाही. इंदूरपासून जेमतेम दीड-दोन तासांवर असलेल्या उज्जैनच्या परिसरात, सहाव्या शतकात वराहमिहिराने बृहत्संहिता रचली. ज्योतिष, पर्जन्य, वास्तू, रत्ने यांच्याबरोबर त्यात गंधयुक्तीवर एक प्रकरण आहे. त्यात ‘सर्वतोभद्र’ नावाचा एक योग सांगितला आहे. सोळा सुगंधी द्रव्ये चार ओळी आणि चार स्तंभ अशा सोळा घरांत मांडायची आणि प्रत्येकाच्या घरात त्याचे भाग लिहायचे. ते आकडे असे आहेत. पहिल्या ओळीत दोन, तीन, पाच, आठ. दुसरीत पाच, आठ, दोन, तीन. तिसरीत चार, एक, सात, सहा. चौथीत सात, सहा, चार, एक. कोणतीही आडवी ओळ घ्या, उभा स्तंभ घ्या किंवा तिरकस कर्ण घ्या, चार द्रव्यांची बेरीज अठराच भरते. जपानचे गणितेतिहासकार ताकाओ हायाशी यांनी १९८७ साली या चौकटीचा गणिती अभ्यास प्रसिद्ध केला आहे. आपल्याला प्रयोजन आहे ते तिसऱ्या ओळीतील दुसऱ्या घराशी. तेथे त्वक्, म्हणजे दालचिनी आहे आणि तिचा भाग आहे एक. अठरात एक.

चौकटीत एकच भाग मिळालेले दुसरे द्रव्य म्हणजे कुंदुरू, म्हणजे धुपाचा एक डिंक. चंदनाला सात भाग, दगडफुलाला आठ, आणि दालचिनीला एक. हा कृपणपणा कशासाठी? दालचिनी महाग होती म्हणावे, तर चंदन आणि अगरू काही स्वस्त नव्हते. कारण गंधातच असले पाहिजे, असे मला वाटले आणि ते तराजूवर पाहायचे ठरवले.

मी चौकटीतील एक कर्ण निवडला. शैलेय म्हणजे दगडफूल आठ भाग, रस म्हणजे बोळ दोन भाग, त्वक् एक भाग आणि मलय म्हणजे चंदन सात भाग. निवडण्याचे कारण सोपे होते. ही चारही द्रव्ये आज बाजारात त्याच रूपाने मिळतात आणि त्यांच्या ओळखीविषयी फारसा वाद नाही. एका भागाला अर्धा ग्रॅम धरून दगडफूल चार ग्रॅम, बोळ एक ग्रॅम, दालचिनी अर्धा ग्रॅम आणि चंदन साडेतीन ग्रॅम, असे नऊ ग्रॅमचे मिश्रण झाले. सराफ्यातील ओळखीच्या एका सोनाराने वजने करून दिली. दालचिनी घेतली ती पातळ, अनेक पदरांची, गुंडाळी हाताने सहज चुरडणारी. बाजारात स्वस्त मिळणारी जाड, एकपदरी, कठीण साल ही तिची चुलत बहीण आहे. तिचा वास अधिक आडदांड असतो. सगळे वस्त्रगाळ करून, बुच घट्ट लावून आठवडाभर ठेवले.

बरोबरीने आणखी मिश्रणे केली. एकात दालचिनी मुळीच नव्हती. एकात एकाऐवजी तीन भाग होती. उरलेल्या तिघांत दालचिनीच्या जागी तेवढ्याच वजनाचे मिरे, वेलदोड्याचे दाणे आणि लवंग घातली. घरातील मंडळी आणि दोन-तीन माजी विद्यार्थी यांना काय आहे ते न सांगता हुंगायला दिले.

दालचिनीविरहित मिश्रणाविषयी सर्वांचे मत जवळपास एकच पडले. पावसाळ्यात बंद राहिलेल्या जुन्या वाड्याचा वास. दगडफुलाची ओल, बोळाचा कडवटपणा आणि चंदन मागे कोठेतरी अंग चोरून उभे. दुर्गंध नव्हे, पण थंड, दमट.

एक भाग दालचिनी घातलेल्या मिश्रणात दालचिनी आहे, हे कोणालाही ओळखता आले नाही. हे महत्त्वाचे आहे. ‘यात चंदन जास्त आहे,’ असे एकीने सांगितले. वस्तुतः चंदन तेवढेच होते. ओल गेली होती, बोळ कडवट न लागता मधासारखा लागत होता आणि चंदन पुढे आले होते. ‘हे कोरड्या, उन्हे आलेल्या खोलीसारखे आहे,’ असे एका विद्यार्थ्याने म्हटले. ज्याला ऊब म्हणतात ते हेच. मसाला स्वतः दिसला नाही. त्याने शेजाऱ्यांचे रूप पालटले.

तीन भागांचे मिश्रण हुंगताच माझ्या पत्नीने विचारले, ‘गोडा मसाला कशाला आणलात इथे?’ तिचे बरोबर होते. दगडफूल आणि दालचिनी ही आपल्या गोड्या मसाल्याचीच मंडळी. प्रमाण ओलांडले की सुगंधाचे स्वयंपाकघर होते. प्रमाण चुकले आहे हे ओळखण्याची खूणही हीच. मसाल्याचे नाव हुंगणाऱ्याच्या तोंडी ताबडतोब आले, तर मसाला जास्त झाला. तो संशयापुरता राहिला पाहिजे.

लवंगेच्या मिश्रणाने तर सर्वांना दंतवैद्याची आठवण करून दिली. दंतवैद्य युजेनॉल वापरतात, त्यामुळे ती आठवण अचूक होती. पण वजन तर दालचिनीएवढेच होते, मग असे का व्हावे? येथे गुरुजींच्या रसायनशास्त्राची मदत होते. दालचिनीच्या सालीत उडणारे तेल शेकडा एकच्या आसपास असते. चांगल्या लवंगेत ते शेकडा पंधरा किंवा त्याहून अधिक असते. म्हणजे अर्ध्या ग्रॅम दालचिनीत सुमारे पाच मिलिग्रॅम तेल, तर अर्ध्या ग्रॅम लवंगेत पंचाहत्तर. वजनाने एक भाग, पण बळाने पंधरा भाग. लवंग पन्नास मिलिग्रॅमपर्यंत, म्हणजे दहाव्या हिश्श्यावर आणली, तेव्हा दवाखाना गेला आणि जी ऊब उरली ती चौघांत सर्वांत खोल आणि टिकाऊ होती.

मिऱ्याने मिश्रण कोरडे केले, चंदनातील लाकूड पुढे आणले, पण गोडवा आणला नाही. उघड्या वाटीत ठेवल्यावर त्याचा प्रभाव सर्वांत आधी ओसरू लागला. वेलदोड्याने आधी श्रीखंडाची आठवण दिली आणि गारवाही आणला. तरी गंमत अशी की, तो गारवा विरल्यावर मागचे चंदन अधिक उबदार भासले. थंड पाण्यातून काढलेला हात साध्या पाण्यात घातला की ते कोमट लागते, तसेच हे. वराहमिहिराने सर्वतोभद्राला जागे करण्यासाठी जायफळ आणि कस्तुरी यांच्याबरोबर कापूरही सांगितला आहे. जागे करण्याच्या या क्रियेला गंधशास्त्रात ‘बोध’ असा सुंदर शब्द आहे. उबेच्या योगात गार कापूर कशाला, हे कोडे मला वेलदोड्याने सोडवून दिले.

कुपीतील सुगंधाची, म्हणजे मद्यार्कात विरघळवलेल्या परफ्यूमची रीत थोडी वेगळी आहे. तेथे पूड नसते, तेले असतात आणि प्रत्येक तेल आपापल्या वेगाने उडून जाते. सिनिओल १७६ अंश सेल्सिअसला उकळते, तर सिनामाल्डिहाइड आणि युजेनॉल दोन्ही अडीचशेच्या आसपास. यावरून क्रम कळतो. वेलदोड्यातील गारवा आणि मिऱ्याचा कोरडेपणा प्रथम येतात आणि अर्ध्या तासात विरू लागतात. दालचिनी आणि लवंग काही तास राहतात. म्हणून केवळ मसाल्यांवर उबदार सुगंध उभा राहत नाही. ते गेल्यावर खाली कोणीतरी असावे लागते. चंदन, बोळ, लोबान, व्हॅनिला अशी सावकाश उडणारी द्रव्ये खाली असली, म्हणजे मसाल्याने उघडलेले दार दिवसभर उघडे राहते.

लवंग आणि व्हॅनिला यांचे जमते, त्याला तर नात्याचाच आधार आहे. दोघांच्या मुख्य द्रव्यांचा मूळ सांगाडा एकच आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून कित्येक वर्षे व्हॅनिलीन हे लवंगेच्या युजेनॉलपासूनच तयार केले जात असे. म्हणून लवंगेचा तिखट वास उतरत उतरत व्हॅनिलात मिसळतो, तेव्हा सांधा कोठे आहे ते नाकाला सापडत नाही. १९७७ साली निघालेल्या ‘ओपियम’ या फ्रेंच सुगंधात लवंगेसारखे मसाले बोळ आणि लोबान यांच्या जाड थरावर बसवले आहेत. ती जड, रात्रीची ऊब. उलट १९९८ साली जाँ-क्लोद एलेना यांनी कार्तिएसाठी केलेल्या ‘देक्लारासियों’मध्ये वेलदोडा अग्रभागी आहे आणि थर पातळ. ती सकाळच्या उन्हाची ऊब. मसाला तोच, पण खालची बैठक बदलली की ऋतू बदलतो.

आता मर्यादांविषयी. ज्या गुणामुळे दालचिनी आणि लवंग नाकात बोलतात, त्याच गुणामुळे त्या त्वचेलाही बोलतात. सिनामाल्डिहाइडमुळे आणि काही प्रमाणात युजेनॉलमुळे कित्येकांच्या त्वचेला ॲलर्जी होते, आणि एकदा झाली की ती सहसा आयुष्यभर राहते. पुढे अत्यल्प मात्रेनेही चट्टे उठतात. म्हणून सुगंध-उद्योगाच्या आंतरराष्ट्रीय नियमांत या द्रव्यांना मर्यादा घालून दिल्या आहेत. युरोपात २००३ सालच्या नियमानुसार अंगावर राहणाऱ्या प्रसाधनात ती शेकडा एकसहस्रांशाहून, म्हणजे लाखात एका भागाहून अधिक असली, तर वेष्टनावर नाव छापावे लागते. हौशी मंडळींनी दालचिनीच्या सालीचे तेल थेट मनगटावर लावू नये. मी माझे सर्व प्रयोग पूड आणि कागदाच्या पट्ट्या यांवरच केले.

दुसरी अडचण फसवणुकीची. दालचिनीच्या पानांचे तेल सालीच्या तेलापेक्षा खूप स्वस्त असते आणि तेच कधी सालीचे म्हणून विकले जाते. ओळखण्याची रीत सोपी आहे. पानांच्या तेलात बहुतांश युजेनॉल असते. म्हणून ‘दालचिनी’ म्हणून घेतलेली कुपी लवंगेसारखी वास मारत असेल, तर ते पानांचे तेल समजावे. लवंगेतूनही तेल काढून घेऊन चोथा पुन्हा विकला जातो. मूठभर लवंगा पाण्यात टाका. चांगली लवंग बुडते किंवा डोके वर ठेवून उभी तरंगते. तेल काढलेली आडवी पडून तरंगते.

तिसरी गोष्ट रंगाची. युजेनॉल हवेने आणि लोखंडाच्या संपर्काने काळवंडते. लवंग असलेले अत्तर पांढऱ्या सदऱ्यावर लावू नये आणि लोखंडी झाकणाच्या कुपीत ठेवू नये, असा नियम पाळावा.

मित्रहो, समारोपाकडे येतो. ऊब कोठून येते, हा आपला प्रश्न होता. मिरे आपली आग मागे ठेवून येतात, वेलदोडा मुळात गार, दालचिनी बोचरी आणि एकटी लवंग किंचित कोमट. तरीही योग्य शेजारी आणि योग्य तेवढेच प्रमाण मिळाले, की चारही उबदार होतात. म्हणून ऊब हे मसाल्याचे गुणनाम नसून त्या योगाचे, त्या जुळणीचे गुणनाम आहे, असे मी भाषेचा विद्यार्थी म्हणून म्हणेन. जुन्या ग्रंथांत ‘एक भाग’ असे दोन शब्द येतात आणि आपण ते वाचून पुढे जातो. त्या दोन शब्दांमागे किती नाके आणि किती तराजू झिजले असतील, हे अर्धा ग्रॅम दालचिनी मोजल्याशिवाय मला कळले नसते. गुरुजी वर्गात नेहमी म्हणत, की वाचलेले खरे आहे की नाही हे तोलून पाहावे. येथे बाहेरच्या मेजावर मी सहा कुप्या ठेवल्या आहेत. त्यांवर नावे नाहीत, केवळ आकडे आहेत. जाताना हुंगून पाहा आणि दालचिनीचा एक भाग कोणत्या कुपीत आहे, ते शेजारच्या कागदावर लिहून ठेवा.